एकादशीची भगर, चार हजार पानं: दिवे घाटाच्या पायथ्याशी आमचा पहिला स्वयंपाक

आमची सोसायटी हडपसरला. माउलींची पालखी दरवर्षी आमच्या दारावरून जाते, आणि दरवर्षी आम्ही केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याच्या बाटल्या वाटून घरी येतो. २०२४ मध्ये कुणाच्या तरी डोक्यात आलं की या वेळी गरम काहीतरी शिजवून द्यायचं. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे १० मेला, मीटिंग झाली. मी ऑफिसात हिशेब बघते म्हणून वही माझ्याकडे आली. ज्याच्याकडे वही, त्याच्याकडे हळूहळू सगळंच येतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पहिला पेच तिथीचा. पुण्यातला मुक्काम आटोपून माउली सासवडकडे निघतात तो दिवस त्या वर्षी २ जुलै, मंगळवार. त्या दिवशी योगिनी एकादशी. म्हणजे पोळी-भाजी नाही, मसालेभात नाही, डाळ नाही. उरले दोनच पदार्थ: साबुदाण्याची खिचडी नाहीतर भगर-आमटी.

बहुतेकांचं मत खिचडीकडे होतं. मीही त्यातलीच. पण ज्यांना आम्ही स्वयंपाकाला धरलं होतं, ते आचारी काका ऐकून नुसते हसले. म्हणाले, "ताई, घरी किलोभर खिचडी करता तेव्हा मोकळी होते. वीस किलोची काहील केली की खालचा साबुदाणा वरच्याच्या वजनाने बसतो. चिकटला की चिकटलाच. आणि गार झाली की रबर." शिवाय भिजवणं. एक किलो साबुदाण्याची फार तर दहा-बारा पानं होतात. चार हजार पानांना साडेतीनशे किलोच्या वर साबुदाणा रात्रभर भिजवायचा, तोही उघड्या मैदानात, पावसाळ्यात. पाणी जरा जास्त झालं तर लगदा, कमी झालं तर मध्ये कच्ची कणी. आणि भिजलेला साबुदाणा दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. भगर मात्र कोरडी असते. लागेल तेवढीच शिजवायची.

भगरीला विरोध वेगळ्या कारणाने झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत लोणार तालुक्यातल्या एका गावात सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो लोकांना विषबाधा झाली होती. रस्त्यावर झोपवलेली माणसं आणि दोरीला टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या, ते फोटो सगळ्यांनी पाहिले होते. आमच्या मजल्यावरच्या काकू सरळ म्हणाल्या, "पुण्य राहू द्या, पाप नको."

मग मी दोन दिवस याच गोष्टीमागे लागले. कळलं ते असं. भगर ओल धरते, आणि ओल लागली की तिच्यावर बुरशी येते. काही बुरशी विष सोडतात आणि ते विष शिजवून जात नाही. म्हणून कितीही उकळली तरी बिघडलेली भगर बिघडलेलीच. पीठ केलं की ओल आणखी पटकन धरतं. म्हणून उपवासाच्या दिवसांत अन्न आणि औषध प्रशासन दरवेळी तेच सांगतं: सुटी भगर घेऊ नका, तयार पीठ घेऊ नका, पाकीटबंद आणि तारीख असलेली घ्या, बिल घ्या. दुसरा धोका शिजवल्यानंतरचा. शिजलेलं धान्य कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहिलं की त्यात जंतू वाढतात. म्हणजे दोन प्रश्न होते: आणायची कुठून, आणि शिजवल्यापासून पानात पडेपर्यंत वेळ किती. पुढचे दीड महिने आम्ही याच दोन प्रश्नांभोवती फिरत होतो.

कागद

आचारी काकांना विचारलं, तुमच्याकडे अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आहे का? नव्हता. ज्यांचा केटरिंगचा परवाना आहे त्यांना काम दिलं तर हा भाग सोपा होतो, हे पुढच्यांसाठी सांगून ठेवते. आम्हाला काका हवे होते, म्हणून नोंदणी आम्हीच केली. foscos.fssai.gov.in वर लहान व्यवसायासाठीची नोंदणी असते, फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. ३ जूनला अर्ज भरला. पाचव्या दिवशी शेरा येऊन परत, कारण पत्ता मी सोसायटीचा टाकला होता आणि स्वयंपाक होणार होता दिवे घाटाच्या पायथ्याच्या वडकी गावात. चूक माझीच. वडकीतल्या ज्या शेतकरी दादांनी रस्त्याकडेची मोकळी जागा दिली होती त्यांचं संमतीपत्र आणि सात-बारा जोडून पुन्हा टाकला. १४ तारखेला नोंदणी हातात आली.

याशिवाय ग्रामपंचायतीला पत्र आणि पोलीस ठाण्याला पत्र. पोलिसांच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: मांडव रस्त्यापासून किती आत आहे, गॅसच्या भट्ट्या किती, आणि गाड्या कोणत्या. तिथल्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "माल कधी आणणार?" मी म्हटलं, पहाटे. ते म्हणाले, "पहाटे तुम्ही चालत याल, माल नाही येणार." पालखीच्या दिवशी हा रस्ता वाहनांना बंद असतो. म्हणजे भगरीपासून मिठापर्यंत सगळं १ जुलैच्या संध्याकाळी जागेवर हवं, आणि काही विसरलं तर विसरलं. त्यांनी हे सांगितलं नसतं तर आमचा टेम्पो हडपसरच्या चौकातच उभा राहिला असता.

माल

काकांचा हिशेब असा: एक किलो भगरीची सतरा पानं, पान म्हणजे २०० ग्रॅमच्या आतबाहेर. चार हजारांना २४० किलो. आमटीला पानामागे शंभर-सव्वाशे मिली, त्यासाठी ६० किलो शेंगदाणे. बाकी हिरवी मिरची, जिरं, आमसूल, गूळ, मीठ आणि शेंगदाणा तेलाचे दोन डबे. हळद, हिंग, मोहरी काही नाही.

भगर आम्ही एका व्यापाऱ्याकडून १०५ रुपये किलोने घेतली, ३० किलोची आठ पोती. २५ जूनला पोती आली. सहा पोती ठीक. उरलेल्या दोघांची शिवण वेगळी होती. कारखान्याची शिवण एकसारखी, एका दोऱ्याने जाते, इथे सुतळीने टाके घातलेले. लेबल नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. काकांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाची मूठ काढली. वरची भगर हातातून सुळसुळ सांडत होती, तळाची मुठीचा आकार धरून राहिली. नाकाशी नेली तर कुबट, जुन्या कपाटासारखा वास. व्यापारी फोनवर म्हणाला, "अहो, चाळून घ्या, काही होत नाही." आम्ही दोन्ही पोती परत पाठवली आणि दुसरीकडून जरा महाग घेतली. तुम्ही कधी घेतलीत तर वरची भगर बघू नका, तळाची बघा.

शेंगदाणे अख्खे घेतले. कूट तयार मिळतो, स्वस्तही पडतो, पण त्यात काय दळलंय ते दिसत नाही आणि खवट झालेला कूट आमटीभर पसरतो. २९ आणि ३० जूनला सोसायटीच्या हॉलमध्ये बायका-पुरुष सगळे निवडायला बसले. काळपट, सुरकुतलेले दाणे बाजूला. साठ किलोतून जवळजवळ दोन किलो निघाले. भाजून, सोलून, कूट करून डब्यांत भरला. हॉल अजून दमट दिवशी शेंगदाण्याचा वास मारतो.

तालीम

१८ जूनला निर्जला एकादशी होती. नावाला निर्जला, आमच्याकडे दुपारी बाराला पाच किलो भगर शिजवून तालीम झाली. घरच्या मापाने एकास तीन पाणी घातलं आणि पेज झाली. काकांनी आम्हाला मुद्दामच करू दिलं होतं. मग समजावलं: घरी पातेल्यातून वाफ खूप जाते, काहिलीत त्या मानाने कमी. आणि धुतलेली भगर स्वतःसोबत पाणी घेऊन येते. म्हणून वजनाने एकास अडीच पाणी, आणि पोटात थोडी कणी असतानाच गॅस बंद. पुढची पंधरा मिनिटं ती स्वतःच्या उष्णतेवर शिजते. पाच किलोला हे खरं असेल तर चोवीस किलोला दुपटीने खरं.

त्याच दिवशी मी घड्याळ लावून वाढण्याचा वेग मोजला. पत्रावळ घेणं, भगर, द्रोणात आमटी, पुढे. एका रांगेत मिनिटाला बारा-पंधरा माणसं सहज सरकतात. दोन रांगा केल्या तर तासाला दीड हजार. आणि शिजवण्याचा वेग? चोवीस किलोच्या एका घाण्याला आधण तयार असताना पाऊण तास. दोन काहिली मिळून तासाला हजार पानं. म्हणजे रांग काहिलीपेक्षा वेगाने पळते. मग आधीच चार घाणे करून ठेवावेत असं कुणीही म्हणेल, मीही म्हटलं. पण चार घाणे करून ठेवले की शेवटचं पान शिजवल्यानंतर बऱ्याच वेळाने वाढलं जाणार, आणि आम्हाला नेमकं तेच टाळायचं होतं.

ठरलं ते असं: शिजवून वाढायला ठेवलेले घाणे एका वेळी दोनच असतील, त्याहून जास्त नाहीत. तिसऱ्या भट्टीवर फक्त पाण्याचं आधण उकळत राहील, म्हणजे काहिलीचा वेळ पाणी तापवण्यात जाणार नाही. प्रत्येक घाण्याच्या झाकणाला खडूने वेळ लिहायची. दोन तास उलटले तर तो घाणा बाद. आणि गर्दी वाढली तर वाढण्याचा वेग कमी करायचा: दोन रांगांची एक करायची, बाजूला केळी देत राहायचं. लोकांना थांबवणं वाईट दिसतं, पण घाई करून कच्चं किंवा शिळं देण्यापेक्षा बरं.

१ जुलैची रात्र

दुपारी चारला टेम्पो वडकीला पोचला. मांडव, ताडपत्र्या, तीन भट्ट्या, व्यावसायिक सिलिंडर सहा (वापरले चार), भाड्याच्या दोन काहिली, टोप, पराती, डाव. भाड्याची भांडी आली तशीच वापरू नका, आमच्या एका काहिलीच्या कडेला आदल्या कुठल्यातरी लग्नाचा रस्सा वाळलेला होता. घासायलाच दीड तास गेला.

पाण्याचा टँकर सहाला आला. आरोग्य विभागाची माणसं पालखी मार्गावर पाणी तपासत फिरत होती. त्यातल्या एका ताईंनी छोट्या नळीत पाणी घेतलं आणि दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे. आमचं पाणी पांढरं ते पांढरंच राहिलं. टँकरवाला शपथेवर सांगत होता की विहीर चांगली आहे. ताई शांतपणे म्हणाल्या, "विहीर असेल चांगली, पाईप कुणी पाहिलाय?" त्यांनी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, एका बादलीत कालवून वरचं निवळलेलं पाणी टँकरमध्ये ओतायला लावलं. अर्ध्या तासाने पुन्हा नळी, पुन्हा थेंब, आणि या वेळी फिकट पिवळं. मला वाटलं होतं भट्टी पेटेल तो क्षण मोठा असेल. पण त्या नळीतला पिवळा रंग बघून मला जास्त हायसं वाटलं.

नऊ ते एक भगर चाळणं आणि कोरडी भाजणं. बारा-बारा किलो काहिलीत टाकून मंद आचेवर, रंग न बदलता, खमंग वास येईपर्यंत. भाजल्याने शिजताना मोकळी राहते. बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून भाजलेली भगर गार करून झाकणाच्या पिंपांत. धुवायची मात्र आत्ता नाही, आधणात वैरायच्या अगदी आधी. ओली भगर रात्रभर ठेवली तर इतकी निवडानिवड केली ती कशाला?

सेवेकऱ्यांची यादी ४२ जणांची होती. पहाटे साडेतीनला मोजले तर ३१. जे रात्रीच आले होते ते होते, जे पहाटे येणार होते त्यातले अर्धे बंद रस्त्याच्या पलीकडे. एका मुलाला ताप वाटत होता, त्याला भांड्यांजवळ येऊ दिलं नाही, मांडवामागे झोपवलं. कुणाच्या बोटाला पट्टी असेल तर त्याला कचऱ्याच्या पिशव्यांकडे. कचऱ्याकडे जायला कुणीच तयार नसतं, म्हणून हे नियम मनापासून पाळले गेले असं नाही, पण पाळले गेले.

एकादशी

सव्वाचारला पहिलं आधण. साठ लिटर पाणी, मीठ, जिरं-मिरचीची फोडणी. काकांनी पाटीत कपडा घालून भगर धुतली, निथळली आणि एका हाताने वैरली, दुसऱ्या हाताने लांब उलथणं फिरत होतं. दोघं जण लागतात, एकजण वैरणारा आणि एकजण तळ न सोडता ढवळणारा. पंधरा मिनिटांत पाणी दिसेनासं झालं, वर छिद्रं पडली, गॅस बंद, झाकण. माझ्या भाच्याचा केक करायचा थर्मामीटर आणला होता. झाकण काढलं तेव्हा मधोमध ९१ अंश. वाढेपर्यंत साठच्या खाली जाऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं. दर वीस मिनिटांनी भाचा टोचून वहीत आकडा लिहायचा. त्या दिवसात सगळ्यात मन लावून काम त्याने केलं.

आमटीत वेगळी गंमत. नव्वद लिटर पाण्याला बारा किलो कूट. कूट पडला की फेस येतो आणि बघता बघता टोप उतू जातो. म्हणून टोप तीन-चतुर्थांशच भरायचा आणि कूट आधी वेगळ्या परातीत कोमट पाण्यात कालवून घ्यायचा, नाहीतर गुठळ्या होतात. आमसूल आणि गूळ सगळ्यात शेवटी.

साडेपाचला पहिलं पान वाढलं. रात्री दोन-तीनला पुण्याहून निघालेले मोकळे वारकरी तोवर घाटाच्या पायथ्याशी पोचू लागले होते. दिंडीतली माणसं रांग सोडून येत नाहीत, त्यांच्या पताका पुढे असतात, दिंडीला नंबर असतो. येणारे बहुतेक एकटे-दुकटे, किंवा चार बायकांचा घोळका. मांडवाच्या तोंडाशी पाटी लावली होती: भगर, शेंगदाणे, मिरची, जिरं, आमसूल, गूळ, मीठ, शेंगदाणा तेल. ही पाटी लावायचीच. एकादशीला जिरं न खाणारी घरं आहेत, मिरची न चालणारी आहेत. आधी कळलं तर माणूस फक्त केळं घेऊन पुढे जातो, नाहीतर पान हातात घेऊन अवघडतो.

वाढायला हात सढळ असणारी माणसं ठेवू नका. ऐकायला वाईट वाटतं. पण आमच्या एका वहिनींनी पहिल्या तासात दीडपट वाढलं. माउलींना कसं मोजून द्यायचं, म्हणाल्या. पुढे पत्रावळी अर्ध्या टाकलेल्या दिसायला लागल्या, कारण चढ चढायचा असतो, पोट भरून कुणाला नको असतं. मग डावाच्या दांड्याला लाल दोरा बांधला: इथपर्यंत भरायचा, आणि मागेल त्याला पुन्हा.

आठला गर्दी फुटली. रांग मांडवाच्या बाहेर, मग रस्त्याच्या कडेने मागे. आणि तेव्हाच घोटाळा झाला. चौथ्या घाण्याला काका आमटीकडे होते. ढवळणाऱ्या दोन पोरांनी गर्दी बघून गॅस पूर्ण सोडला आणि भगर एका दमात ओतली. वरून सगळं छान दिसत होतं. आधी मिरचीच्या वासात काहीतरी कडसर मिसळलं. मग उलथणं तळाशी अडकू लागलं. काका धावत आले, गॅस बंद केला आणि पहिलं वाक्य, "खरडू नका! कुणी खरडू नका!"

बुडाला लागलेलं खरडलं की करपट सगळ्यात मिसळतं. त्यांनी वरचा दोन-तृतीयांश भाग अलगद दुसऱ्या टोपात काढायला लावला, त्यावर ओलं कापड पसरलं, पाच मिनिटं थांबले आणि चव घेतली. मला दिली. धुराची चव जिभेच्या मागच्या बाजूला येत होती. मी म्हटलं, चालेल की, भूक लागलीय लोकांना. काका म्हणाले, "ताई, तुमच्या पाहुण्यांना द्याल?" चोवीस किलोचा घाणा गेला. जागेच्या मालक दादांनी तो गुरांसाठी नेला. ते ओल्या कापडाचं काय, असं नंतर विचारलं तर म्हणाले, कधी कधी वास ओढून घेतं, थोडाच लागलेला असला तर.

पुढची चाळीस मिनिटं रांग थांबली. अंदाजे तीनशे माणसं. आम्ही केळी आणि लाडू घेऊन रांगेच्या शेवटाकडून वाटत आलो, कारण पुढच्यांना आशा असते, मागचे निघून जातात. मी प्रत्येकाला सांगत होते, "माउली, एक घाणा करपला, पाऊण तास लागेल, घाईत असाल तर केळं घेऊन निघा." खरं सांगितल्यावर कुणी रागावलं नाही. साताऱ्याकडच्या एका आजींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून मलाच दिली. म्हणाल्या, "बस जरा. आमचं चालणं रोजचं हाय, तुझं उभं ऱ्हाणं आजचंच." मी खरंच दोन मिनिटं बसले.

त्यानंतर नियम बदलला: वैरताना काका स्वतः काहिलीपाशी, आणि गॅसच्या चावीला एकच माणूस, त्याने दुसरं काही करायचं नाही. पुढचे सहा घाणे सुरळीत गेले. एकदा नऊच्या सुमारास भगर घट्ट बसून वडीसारखी निघायला लागली. तिला गार पाणी मारायचं नाही, आधणाचा एक डाव शिंपडून झाकायची, पाच मिनिटांत सुटते.

साडेबाराला शेवटचा घाणा संपला. पत्रावळींच्या उरलेल्या गठ्ठ्यांवरून हिशेब केला तर ३,८०० च्या आसपास पानं गेली. आमटी चाळीस लिटर उरली, वेळ बघून दोनला टाकून दिली. कुणीतरी घरी न्यायला डबा काढला होता, त्याला नाही म्हणावं लागलं. माउलींचा रथ आला तेव्हा आमच्याकडे फक्त पाणी होतं. रथाला बैलजोड्या जुंपल्या जाऊन तो घाटाकडे वळताना सगळे काम सोडून रस्त्यावर धावले आणि मी भिजलेल्या वहीवर हात धरून मांडवातच उभी राहिले. पुढच्या वेळी शेवटचे दोन घाणे दुपारसाठी राखायचे, हे तेव्हाच वहीत लिहिलं.

खर्च ९७,६६० रुपये झाला. भगर-शेंगदाणा आणि बाकी किराणा बेचाळीस हजारांच्या थोडा वर, आचारी आणि त्यांची माणसं पंधरा हजार, पानांच्या पत्रावळी-द्रोण अकरा हजार, उरलेलं मांडव, भांडी, गॅस, टँकर, टेम्पो. पत्रावळी प्लास्टिकचा थर नसलेल्याच घ्या, स्वस्तवाल्या चमकतात त्यावरून ओळखू येतात. पानामागे साधारण २६ रुपये. सोसायटीत घरटी पाचशे मागितले होते. बारा घरांनी अजून दिलेले नाहीत आणि मी मागणं सोडलेलं नाही.

प्रत्येक घाण्याची एक वाटी स्टीलच्या डबीत काढून, वर वेळ लिहून बर्फाच्या खोक्यात ठेवली होती. कुणाला त्रास झाला तर तपासायला काहीतरी हवं म्हणून. त्या दहा डब्या, करपलेल्या घाण्याचीसुद्धा, रात्री माझ्या फ्रिजमध्ये आल्या. २ आणि ३ जुलैला प्रत्येक अनोळखी नंबरचा फोन मी धडधडत्या छातीने उचलला. दोन कर्जाचे होते, एक भांडीवाल्याचा, त्याचा एक डाव कमी होता. ४ तारखेला सकाळी डब्या रिकाम्या करून घासल्या. लाल दोऱ्याचा डाव सिंकखाली सापडला.